३१ मार्चनंतर कळलेलं नुकसान कोणत्या वर्षात टाकायचं?

जून-जुलैमध्ये अकाउंट्सच्या टेबलावर एक वाद हमखास होतो. ताळेबंद ३१ मार्चचा, पण तो सही होऊन बाहेर पडतो ऑगस्ट-सप्टेंबरात. मधल्या चार-पाच महिन्यांत एखादी पार्टी बुडते, माल पडून राहतो, पाणी शिरतं, नोटीस येते. मालक म्हणतो, "हे सगळं एप्रिलनंतर झालंय, पुढच्या वर्षी बघू." ऑडिटर म्हणतो, "नाही, याच वर्षी घ्या." गंमत म्हणजे कधी मालक बरोबर असतो, कधी ऑडिटर.

लेखा मानक ४ (मोठ्या आणि लिस्टेड कंपन्यांना इंड एएस १०) अशा घटनांचे दोन भाग करतं. अ‍ॅडजस्टिंग घटना म्हणजे ३१ मार्चला जी परिस्थिती आधीच होती तिचा नंतर मिळालेला पुरावा. तिच्यासाठी आकडे बदलायचे. नॉन-अ‍ॅडजस्टिंग म्हणजे परिस्थितीच नंतर उद्भवली. आकडे तसेच ठेवायचे, आणि घटना मोठी असेल तर फक्त माहिती द्यायची. घटना कोणत्या तारखेला घडली यावर काहीच ठरत नाही, कारण दोन्ही प्रकारच्या घटना ३१ मार्चनंतरच्याच असतात. तिचं मूळ कोणत्या तारखेचं, एवढाच प्रश्न.

उदाहरणापुरती भोसरीच्या एमआयडीसीतली एक काल्पनिक कास्टिंग कंपनी घेऊ. वर्ष संपलं ३१ मार्च २०२५ ला, संचालक मंडळ हिशेब मंजूर करणार २८ ऑगस्टला. कच्च्या हिशेबात करपूर्व नफा ६२ लाख.

दोन पार्ट्या, दोघींचे पैसे अडकले

पहिल्या पार्टीकडून १८ लाख येणं आहे. १२ मे रोजी एका बँकेच्या अर्जावर एनसीएलटीने तिच्याविरुद्ध दिवाळखोरीची प्रक्रिया सुरू केली. तारीख मेची आहे म्हणून पुढच्या वर्षावर ढकलायचा मोह होतो. पण लेजर उघडून पाहा. ऑक्टोबरपर्यंत ही पार्टी ४५ दिवसांत पैसे देत होती. डिसेंबरपासून ठरावीक रकमा "ऑन अकाउंट" यायला लागल्या, म्हणजे कुठल्याच बिलाशी न जुळणाऱ्या. फेब्रुवारीत एक चेक परत आला, १९ मार्चला दुसरा. बँकेचे रिटर्न मेमो फायलीत आहेत. कोणी निरोगी कंपनी १२ मेच्या सकाळी अचानक दिवाळखोर होत नाही. ३१ मार्चला ती आजारीच होती, मे महिन्याच्या आदेशाने ते कागदावर आलं इतकंच. ही अ‍ॅडजस्टिंग घटना. वीस टक्के हाती लागतील असा अंदाज धरला तर मार्चच्या तारखेनेच नोंद पडते: संशयित येणी खाते नावे १४.४० लाख, संशयित येण्यांची तरतूद खाते जमा १४.४० लाख.

दुसरी पार्टी ११ लाख देणं लागते. तिची शिस्त वर्षभर उत्तम. ९ मे रोजी तिच्या गोदामाला आग लागली, विम्याचं नूतनीकरण राहून गेलं होतं, धंदा बंद पडला. इथेही पैसे बुडालेच, पण ३१ मार्चला ही पार्टी पूर्ण धडधाकट होती आणि गोदामही उभं होतं. ही नॉन-अ‍ॅडजस्टिंग. ११ लाख ३१ मार्चच्या ताळेबंदात येणं म्हणूनच राहतात, नुकसान २०२५-२६ चं.

प्रत्यक्षात मात्र असे स्वच्छ नमुने कमी मिळतात. समजा या दुसऱ्या पार्टीच्या ११ लाखांपैकी ३ लाख क्वालिटीच्या वादात ऑक्टोबरपासून अडकलेले होते. मग आगीच्या आडोशाला तेही झाकून चालणार नाही. त्या ३ लाखांचा विचार ३१ मार्चलाच करायला हवा होता, आग लागो न लागो. म्हणून मी पार्टीचा एकच आकडा घेऊन निर्णय करत नाही. बिलवार एजिंग काढतो आणि शेजारी एप्रिल ते जूनचं बँक स्टेटमेंट ठेवतो. ३१ मार्चला येणं असलेल्या कोणत्या बिलांचे पैसे प्रत्यक्षात आले, यातून निम्मे प्रश्न वाद न घालता सुटतात.

दोन प्रकारचा माल

कंपनीकडे एका गाडीच्या मॉडेलसाठी बनवलेली गिअरबॉक्स हाउसिंग आहेत, किंमत २४ लाख. २२ एप्रिलला ती १९ लाखांना विकावी लागली, वर ५० हजार वाहतूक आपणच भरली. म्हणजे निव्वळ वसुलीयोग्य मूल्य १८.५० लाख. मग साठा २४ ने दाखवायचा की साडेअठराने? विक्री एप्रिलची आहे, पण गिऱ्हाईकाचा "हे मॉडेल जूनपासून बंद" हा मेल १८ फेब्रुवारीचा आहे. मालाची किंमत त्या दिवशीच उतरली होती, एप्रिलच्या बिलाने फक्त ती किती उतरली हे सांगितलं. साठ्यातून ५.५० लाख कमी करायचे.

आणखी एक माल, ९ लाखांचा, ५ जूनच्या पावसात नाल्याचं पाणी शेडमध्ये शिरून खराब झाला. तो ३१ मार्चला कोरडा होता. आकडा तसाच राहतो.

यात एक खाच आहे. एप्रिलमध्ये भाव पडून माल तोट्यात गेला की लोक सरसकट साठ्याचं मूल्य कमी करतात, कारण पाठ्यपुस्तकात "वर्षानंतरची विक्री" हे अ‍ॅडजस्टिंगचं उदाहरण म्हणून दिलेलं असतं. पण साठ्याचं मानकच सांगतं की नंतरचे भाव जेवढ्यापुरते ३१ मार्चची स्थिती पक्की करतात तेवढेच धरायचे. मेमध्ये अचानक ड्युटी बदलली आणि त्यामुळे भाव कोसळला, तर ती घसरण मेची. म्हणून विक्रीचं बिल पुरेसं नसतं. भाव का पडला हे विचारावं लागतं.

सगळ्यांच्या नजरेतून निसटणारी घटना

दिवाळखोरी आणि आगीवर सगळे बोलतात. माझ्या अनुभवात जास्त चुका होतात त्या एप्रिल-मेमध्ये येणाऱ्या साध्या कागदांत. आपल्या कंपनीला १४ मे रोजी एका मोठ्या गिऱ्हाईकाची २.१० लाखांची (जीएसटी सोडून) रेट डिफरन्सची डेबिट नोट आली, जानेवारी ते मार्चच्या मालावर. अकाउंटंटने ती सरळ मे महिन्यात टाकली, कारण कागदावरची तारीख मेची. पण पीओत लिहिलं होतं की धातूचा भाव बदलेल तसा दर दर तिमाहीला बदलेल. म्हणजे ही रक्कम ३१ मार्चलाच देय झाली होती, फक्त हिशेब मांडायला उशीर झाला. अ‍ॅडजस्टिंग. मार्चच्या विक्रीचा माल एप्रिलमध्ये परत आला, किंवा फेब्रुवारीत घेतलेल्या मशीनचं राहिलेलं बिल मेमध्ये आलं, तरी हाच न्याय. याउलट पीओत असं काहीच नसताना गिऱ्हाईकाने मेमध्ये बसवून सूट मागितली आणि आपण पुढची ऑर्डर टिकवण्यासाठी दिली, तर ती सूट मेचा निर्णय आहे, जरी नोटवर "जानेवारीपासून" असं छापलेलं असलं तरी.

आता बेरीज करू. १४.४० अधिक ५.५० अधिक २.१० म्हणजे २२ लाख याच वर्षी. ६२ चा नफा ४० लाखांवर येतो. आग आणि पाणी मिळून २० लाख, जवळजवळ तेवढीच रक्कम, पण नफ्याला हातही लागत नाही. नुकसान मोठं आहे म्हणून याच वर्षी घ्या, किंवा छोटं आहे म्हणून सोडा, असा हिशेब यात नाही. रक्कम उपयोगी पडते ती नॉन-अ‍ॅडजस्टिंग घटना सांगावी की नाही हे ठरवायला.

सांगायची तर दोन गोष्टी हव्यात: काय झालं आणि अंदाजे किती. "९ मे २०२५ रोजी एका ग्राहकाच्या गोदामाला लागलेल्या आगीमुळे त्याच्याकडील ११ लाख रुपयांची वसुली संशयास्पद झाली आहे, या रकमेची तरतूद या वर्षाच्या हिशेबात केलेली नाही." एवढं पुरतं. अंदाज करता येत नसेल तर तसं स्पष्ट लिहायचं. मानक ४ मध्ये ही माहिती संचालकांच्या अहवालात जाते, इंड एएस १० मध्ये हिशेबाच्या टिपांत. जुनी टेम्प्लेट कॉपी करताना ही जागा चुकते.

बाकीच्या नेहमीच्या घटना पटकन:

| घटना | निर्णय |
|---|---|
| जूनमध्ये आलेली जीएसटीची नोटीस, वर्ष २०२१-२२ चं | मूळ जुनं आहे. तरतूद करायची की संभाव्य देणं म्हणून टीप द्यायची, हे ३१ मार्चच्या ताळेबंदासाठीच ठरवा |
| १५ एप्रिलच्या अपघातावरून नवा दावा | नॉन-अ‍ॅडजस्टिंग |
| मार्चआधीच्या दाव्याचा जुलैत लागलेला निकाल | अ‍ॅडजस्टिंग |
| एप्रिलमध्ये सापडलेली, मार्चआधीची रोखपालाची अफरातफर | अ‍ॅडजस्टिंग |
| मेमध्ये पडलेला शेअर बाजार किंवा डॉलरचा दर | नॉन-अ‍ॅडजस्टिंग |
| ऑगस्टमध्ये सुचवलेला लाभांश | नॉन-अ‍ॅडजस्टिंग |

लाभांशावर थोडं थांबायला हवं. जुन्या मानक ४ प्रमाणे सुचवलेल्या लाभांशाची तरतूद त्याच वर्षी करत, आणि वर्षानुवर्षं आपण सगळ्यांनी ती केली. २०१६ च्या दुरुस्तीने ते बंद झालं. ३१ मार्चला लाभांश देण्याचं कोणतंही बंधन नसतं, म्हणून देणंही नसतं. तरी काही छोट्या कंपन्यांच्या ताळेबंदात "प्रस्तावित लाभांश" ही ओळ अजून दिसते, बहुतेक मागच्या वर्षाची एक्सेल फाइल पुढे ओढल्यामुळे.

एकच घटना दोन कंपन्यांसाठी दोन्हीकडे पडू शकते, हे कोविडने दाखवलं. युरोपातल्या बऱ्याच कंपन्यांचं वर्ष ३१ डिसेंबर २०१९ ला संपलं. तेव्हा वुहानमधल्या रुग्णांची बातमी नुकतीच फुटत होती. जागतिक आरोग्य संघटनेने महामारी हा शब्द वापरला ११ मार्च २०२० ला. त्यांच्यासाठी कोविडचा फटका साधारणपणे नॉन-अ‍ॅडजस्टिंग ठरला. आपल्याकडे वर्ष संपलं ३१ मार्च २०२० ला, आणि देशभर लॉकडाऊन लागला होता २५ मार्चपासून. बंद दुकानं, अडकलेला माल, लांबलेली वसुली हे सगळं वर्ष संपताना समोर होतं. इथे "हे नंतरचं आहे" म्हणायला फारशी जागा नव्हती.

नॉन-अ‍ॅडजस्टिंग घटनेला एक मोठा अपवाद आहे. पाणी ९ लाखांच्या मालापुरतं न राहता भट्टीच निकामी झाली, आणि जुलैत संचालकांनी कंपनी बंद करायचं ठरवलं, तर घटना जूनची असूनही संपूर्ण ताळेबंद "धंदा चालू राहील" या गृहीतावर उभा करता येत नाही. तिथे टिपेवर भागत नाही, हिशेबाचा पायाच बदलतो.

३१ मार्चनंतरच्या घटना विचारात घेण्याची मुदत संपते ती संचालक मंडळाच्या मंजुरीच्या दिवशी. सप्टेंबरातली वार्षिक सभा ही ती तारीख नव्हे. आपल्या कंपनीत २८ ऑगस्टला सह्या झाल्या. म्हणून त्या आठवड्यात मी अकाउंटंटला तीन गोष्टी पुन्हा काढायला सांगतो: एप्रिलपासून आलेल्या सगळ्या डेबिट-क्रेडिट नोटा, परत आलेले चेक, आणि वकिलाकडून आलेली पत्रं. पहिल्या पार्टीच्या प्रकरणात वसुली वीसऐवजी पाच टक्केच होईल असं २५ ऑगस्टला कळलं तर १४.४० चे १७.१० लाख करायचे आणि नफा ३७.३० लाखांवर आणायचा. तेच २ सप्टेंबरला कळलं तर फरकाचे २.७० लाख पुढच्या वर्षात.