‘कोटेशनबाबत’ की ‘मंजुरी हवी, गुरु. ४ वाजेपर्यंत’?

कारखान्यातला कॉम्प्रेसर बंद पडलाय. दुरुस्तीचं कोटेशन ४८,००० रुपयांचं आहे आणि त्याची मुदत शुक्रवारी संपते. साहेबांची मंजुरी हवी. मेल एकच, पण विषयाची ओळ दोन तऱ्हांनी लिहिता येईल.

पहिली: ‘कॉम्प्रेसर दुरुस्तीच्या कोटेशनबाबत’. चुकीचं काहीच नाही, पण साहेबांनी करायचं काय, ते कळत नाही. वाचायचं, की नुसतं माहितीसाठी? दोन मीटिंगांच्या मधे मोबाईल चाळणारा माणूस असा मेल ‘संध्याकाळी बघू’ म्हणून सोडतो. पुढे ‘अर्जंट’ जोडून फारसं साधत नाही. दिवसाला असे दहा अर्जंट येत असतात.

दुसरी: ‘मंजुरी हवी, गुरु. ४ वाजेपर्यंत: कॉम्प्रेसर दुरुस्ती, ₹४८,०००’. मोबाईलवर ओळीचा शेपटीकडचा भाग कापला जातो, म्हणून काम आणि वेळ आधी, तपशील नंतर. शुक्रवारची मुदत असून गुरुवार लिहिला, कारण मंजुरीनंतर ऑर्डर काढायलाही वेळ लागतो. रक्कम दिसली की हे आपल्या अधिकारात बसतं का, हे साहेबांना मेल न उघडताच समजतं.

माझं मत उघडच दुसऱ्या ओळीच्या बाजूने. मात्र पगारवाढ किंवा कुणावरची तक्रार असेल, तर नाव-आकडा विषयात नको. लॉक स्क्रीनवर तो शेजारचाही वाचतो. तिथे ‘निर्णय हवा, गुरु. ४ वाजेपर्यंत: गोपनीय’ एवढंच लिहावं. नुसत्या माहितीच्या मेलला पहिली तऱ्हा चालते.