सर्जाच्या तोंडाचे मासिक फोटो : दहा महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

गेल्या जूनपासून मी आमच्या सर्जाच्या तोंडाचे फोटो दर महिन्याच्या पहिल्या रविवारी मोबाइलवर काढतो आहे. सर्जा सात वर्षांचा मुधोळ जातीचा कुत्रा आहे. आमच्या निपाणी भागात या जातीला कारवानी असेही म्हणतात. मे महिन्यात लस देताना येथील पशुवैद्य मॅडमनी त्याच्या दातांवरचे कीटण, म्हणजे टार्टर, दाखवले, दात घासायला सुरुवात करायला सांगितली आणि महिन्याला एकदा फोटो काढून ठेवण्याची सूचना केली. या फोटोंनी नेमके काय दाखवले आणि काय दाखवले नाही, याचा पडताळा डिसेंबरमध्ये सर्जाला भूल देऊन तपासल्यावर आला, म्हणून हा अनुभव सविस्तर लिहितो.

पहिल्या दोन महिन्यांचे फोटो जवळजवळ निरुपयोगी निघाले. पावसाळ्यात घरात उजेड कमी, म्हणून मी फ्लॅश लावत होतो. ओल्या दातांवर फ्लॅशची चकाकी पडते आणि टवका गेलेली जागा नेमकी त्या चकाकीखाली झाकली जाते. पिवळ्या बल्बखाली तर निरोगी हिरडीही लालसर दिसते. ऑगस्टपासून आम्ही पडवीत, दिवसाउजेडी, फ्लॅश बंद ठेवून फोटो काढू लागलो. पत्नी तोंड न उघडता फक्त ओठ वर उचलते आणि गालाजवळ पांढऱ्या कागदाचा तुकडा धरते, ज्यामुळे दोन महिन्यांच्या फोटोंतील रंगाची तुलना करता येते. मोबाइल अगदी जवळ नेला तर चित्र अस्पष्ट येते, म्हणून हातभर अंतरावरून थोडे झूम करून डावी बाजू, उजवी बाजू आणि समोरचे दात असे तीन फोटो घेतो. या जातीचे तोंड लांब आणि ओठ पातळ असल्यामुळे हे काम दोन मिनिटांत होते.

कीटण ओळखण्यात फोटो चांगले ठरले. दातावर रोज बसणारा मऊ थर लाळेतील क्षारांमुळे दोन-तीन दिवसांत कडक होऊ लागतो आणि एकदा कडक झालेले कीटण ब्रशने निघत नाही. ऑगस्टच्या फोटोत वरच्या दोन्ही सुळ्यांच्या मुळाशी आणि वरच्या मोठ्या दाढांवर तपकिरी पट्टा स्पष्ट दिसत होता, आणि त्याला लागून हिरडीच्या काठावर लाल रेघ होती. कुत्र्यांसाठी मिळणाऱ्या पेस्टने रोज घासल्यावर (माणसांची पेस्ट कुत्र्यांना चालत नाही, ती गिळली जाते) ऑक्टोबरपर्यंत डाव्या बाजूची रेघ फिकट झाली. तपकिरी पट्टा अर्थातच तसाच राहिला. लाली कमी होते आणि कीटण मात्र राहते, हा फरक दोन फोटो शेजारी ठेवल्यावरच माझ्या ध्यानात आला.

उजव्या बाजूचे मात्र उलटे होत होते. नोव्हेंबरच्या फोटोत उजव्या वरच्या मोठ्या दाढेवरचे कीटण डावीपेक्षा ठळकपणे वाढलेले दिसले. उजव्या बाजूला माझा हात नीट वळत नाही, त्यामुळे घासणे कमी पडत असावे, असा मी अर्थ लावला. फोटो पाठवल्यावर मॅडमनी विचारले, "काका, हा उजवीकडनं चावतोय का बघितलंय काय?" मी पाहिले नव्हते. पुढचे तीन दिवस नीट पाहिले, तेव्हा भाकरीचा कडक तुकडा तो मान तिरकी करून डाव्या बाजूला नेतो, असे दिसले. चावताना दात एकमेकांवर आणि अन्नावर घासले जातात, त्यामुळे वापरातल्या बाजूला थर कमी साचतो. एकाच बाजूला कीटण वाढत असेल तर ती बाजू का टाळली जाते आहे, हा प्रश्न आधी विचारावा लागतो. सर्जाचे जेवण कमी झालेले नव्हते, वजनही तेवढेच होते. शेजारी तर म्हणत होते, "खातंय की चांगलं, मग दुखतंय कुठलं?" दात दुखतो म्हणून कुत्रा जेवण सोडतोच असे नाही, तो दुसऱ्या बाजूने खातो, हे मला तेव्हा कळले.

मग फोटो मोठा करून पाहिला. त्या दाढेच्या बाहेरच्या अंगावरून एक चपटा टवका उडाला होता आणि खाली फिकट पिवळा भाग व त्यात एक काळसर ठिपका दिसत होता. मागचे फोटो काढले, तर सप्टेंबरच्या पहिल्या रविवारी दाढेचे टोक अखंड होते आणि ऑक्टोबरच्या फोटोत टवका गेलेला होता. म्हणजे ऑक्टोबरमध्येच ते माझ्यासमोर होते आणि मी फक्त हिरडीच्या लालीकडे पाहत होतो. कारणही आठवले. सप्टेंबरमध्ये आम्ही त्याला बोकडाच्या नळीचे हाड दोनदा दिले होते. ही दाढ कात्रीसारखी खालच्या दाढेवर घसरते; दोन्हींच्या मध्ये न दबणारी कडक वस्तू आली की वरच्या दाढेचा बाहेरचा पापुद्रा सुटतो, आणि कुत्र्यांत ही दाढ अशा रीतीने वारंवार तुटते.

टवका गेला आहे एवढे फोटोने सांगितले. तो किती खोल गेला आहे, हे फोटो सांगू शकत नव्हता, आणि सगळा निर्णय त्यावरच अवलंबून होता. दातावरचे कठीण आवरण आणि त्याखालचा पिवळा थर एवढेच गेले असेल तर गोष्ट वेगळी; दाताच्या आतला जिवंत गर उघडा पडला असेल तर तोंडातले जंतू त्या वाटेने मुळापर्यंत जातात. काळसर ठिपका दोन्ही प्रकारांत दिसू शकतो, कारण हळूहळू झिजणाऱ्या दातात शरीर आतून नवा तपकिरी थर बांधून गर झाकते. मॅडम म्हणाल्या, "काका, फोटोतनं मला दाताचा निम्मा भागच दिसतोय बघा, निम्मा हिरडीत आहे."

दवाखान्यात त्यांनी जागेपणी जे तपासले तेही फोटोच्या आवाक्याबाहेरचे होते. त्यांनी जबड्याखालच्या गाठी दोन्ही बाजूंनी चाचपून आकार ताडून पाहिला, उजव्या डोळ्याखाली अंगठ्याने दाबले (या दाढेच्या मुळाशी पू झाला तर सूज तिथे येते), तोंडाचा वास घेतला, आणि हिरडी बोटाने दाबून सोडल्यावर रंग किती लवकर परततो ते पाहिले. त्यानंतर मूत्रपिंड व यकृताच्या तपासण्यांसोबत त्यांनी रक्तातील प्लेटलेट मोजायला सांगितल्या. आमच्या भागात गोचिडांपासून होणारा ताप बराच आढळतो, त्यात प्लेटलेट कमी होतात आणि दात काढताना रक्त थांबत नाही. शिवाय हिरडीची लाली पाहणारा मालक हिरडीचा फिकटपणा सहज विसरतो, असे त्यांनी सांगितले. सर्जाचा अहवाल ठीक आला.

दातांचा वेगळा एक्स-रे येथे नसल्यामुळे त्यांनी आम्हाला पुण्याच्या एका दवाखान्यात पाठवले. तिथे भूल दिल्यावर श्वासनलिकेत फुगा असलेली नळी घालून मगच कीटण काढले, म्हणजे पाणी आणि कीटणाचे तुकडे फुप्फुसात जाणार नाहीत. भूल न देता कीटण खरवडून देणारे लोक मिळतात. त्यात दाताचा दिसणारा भाग चकचकीत होतो आणि पुढचा फोटोही सुंदर येतो, पण हिरडीखालचे कीटण आतच राहते. माझ्या मते मालकाची फसगत तिथे सर्वात जास्त होते, कारण त्यानंतर फोटोसुद्धा त्याला सावध करू शकत नाही.

कीटण निघाल्यावर प्रत्येक दाताभोवती खुणा असलेली बोथट सळई फिरवून हिरडी आणि दात यांमधली खाच मोजली. कुत्र्यात ती साधारण 3 मिलिमीटरपर्यंत चालते. माझ्या सगळ्या फोटोंत सर्वात वाईट दिसणारा दात म्हणजे उजवा सुळा. त्याच्यावर कीटणाची जाड चकती होती. तिथे खाच 2 मिलिमीटर निघाली, म्हणजे सुळा निरोगी. याउलट डाव्या बाजूला, जी मी सुधारली म्हणून समाधानाने पाहत होतो, तिथल्या शेवटच्या दाढेच्या आतल्या, टाळ्याकडच्या अंगाला 5 मिलिमीटर खाच होती. ओठ उचलून काढलेल्या फोटोत ते अंग कधीच येत नाही. तिथे हिरडीखाली स्वच्छ केले आणि सहा महिन्यांनी पुन्हा मोजायचे ठरले.

तुटलेल्या दाढेवरच्या काळ्या ठिपक्यावर टोकदार सुई फिरवली तेव्हा ती घसरून न जाता आत अडकली, म्हणजे गर उघडा होता. एक्स-रेमध्ये दाढेच्या तीनपैकी एका मुळाच्या टोकाभोवती काळी सावली दिसली. तिथले हाड विरघळू लागले होते. बाहेरून ना सूज होती, ना पू. रूट कॅनॉल करता आला असता, पण त्यासाठी पुढेही भूल देऊन एक्स-रे काढत राहावे लागते, म्हणून आम्ही दाढ काढण्याचा पर्याय निवडला. तिचे तीन तुकडे करून प्रत्येक मूळ वेगळे काढले, मुळाचा तुकडा राहिला नाही याची पुन्हा एक्स-रे काढून खात्री केली आणि हिरडी विरघळणाऱ्या टाक्यांनी शिवली. दोन आठवडे दुधात कुस्करलेली भाकरी आणि मऊ भात चालला.

दाढ तुटली तेव्हाच कळले असते तर ती वाचली असती का, असे मी विचारले. उघडा पडलेला गर जिवंत ठेवण्याचा उपचार पहिल्या एक-दोन दिवसांत केला तरच नीट साधतो, आणि तोही तरुण कुत्र्यात अधिक, असे उत्तर मिळाले. म्हणजे महिन्यातून एकदा काढलेला फोटो त्या कामाला पुरेसा नाही. आता घासताना मी रोज दोन्ही मोठ्या दाढांच्या टोकांवरून बोट फिरवतो, आणि नळीचे हाड घरात येणे बंद केले आहे. वस्तूवर अंगठ्याचे नख दाबून वळ उठला नाही, तर ती चघळायला द्यायची नाही, ही पुण्याच्या डॉक्टरांनी सांगितलेली कसोटी आम्ही पाळतो.

मार्चच्या फोटोत उजवीकडची मोकळी जागा फिकट गुलाबी आणि सपाट दिसते, आणि त्या बाजूच्या मागच्या दाढेवर नवे कीटण जवळजवळ नाही, कारण सर्जा आता उजवीकडनेही चावतो. मात्र खालच्या डाव्या सुळ्याचा रंग शेजारच्या दातांपेक्षा थोडा राखाडी वाटतो. पांढऱ्या कागदाशी ताडून पाहिले तरी तो फरक राहतो, आणि जानेवारीच्या फोटोत तो नव्हता. दात न तुटताही आतला गर मेला तर असा रंग येऊ शकतो, आणि ते एक्स-रेशिवाय ठरत नाही. तिन्ही महिन्यांचे फोटो मी मॅडमना पाठवले आहेत. येत्या बुधवारी त्या स्वतः सुळा पाहणार आहेत, आणि त्यानंतर पुण्याची तारीख घेऊ.