इटलीत राजीनामा: हाती दिलेलं पत्र की ऑनलाइन फॉर्म?

चांगली नोकरी मिळाली म्हणून छोटं वर्कशॉप सोडणारा मालकाला इटालियनमध्ये पत्र देतो: 'रास्सेन्यो ले मिए दिमिस्सिओनी' म्हणजे 'मी राजीनामा देतो', शेवटचा दिवस, आभार. छोट्या जागी हे शोभतंच. पण मार्च 2016 पासून नुसत्या पत्राने राजीनामा लागू होत नाही (प्रोबेशन आणि घरकामाचा अपवाद). श्रम मंत्रालयाचा ऑनलाइन फॉर्म भरावाच लागतो. जमत नसेल तर 'पात्रोनातो' हे कामगारांना मदत करणारं कार्यालय तो भरून देतं.

फॉर्ममध्ये आभाराला जागा नाही, पण तो सात दिवसांत मागे घेता येतो. चूक होते तारखेत: शेवटचा दिवस 31 मे असेल तर फॉर्ममध्ये 1 जून लिहायचा. नोटीस करारानुसार मोजा. कमी पडलेल्या दिवसांचे पैसे मालक कापू शकतो.