मजकूर कापला की व्हिडिओ कापला जातो, पण मराठीत दुरुस्तीचे काय?

वार्षिक वर्गणी भरण्याची आठवण करून देणारी मेल आली, आणि व्हिडिओतील बोलणे मजकुरात उतरवून त्या मजकुरावरून कापणी करू देणाऱ्या या संपादन अॅपवर पुन्हा एवढे पैसे घालावेत का, हा हिशेब मांडावा लागला. शब्द खोडला की त्याखालचा व्हिडिओही कापला जातो, ही मूळ कल्पना वाचकांना ठाऊक असेलच. दीर्घ मुलाखतीत ती खरोखर उपयोगी पडते. कसबा पेठेतील तांबट आळीत एका ज्येष्ठ कारागिरांची मुलाखत आम्ही चित्रित केली होती. तिच्यातील विषयांतरे परिच्छेदच्या परिच्छेद निवडून काढून टाकली, तेव्हा एरवी दिवसभर चालणारे काम दुपारच्या चहापूर्वी उरकले. इथपर्यंत तक्रार नाही.

तक्रार दुरुस्तीबद्दल आहे. अॅपने आपोआप उतरवलेल्या मराठी मजकुरात ‘मठारकाम’ हे ‘मठार काम’ होते, ‘असं’ आणि ‘केलं’ यांवरील अनुस्वार गळतात आणि भाषा आपणहून ओळखण्याची सोय चालू ठेवली, तर अधूनमधून ‘आहे’चा ‘है’ होतो. भाषा हाताने मराठी ठरवून दिली की हा शेवटचा त्रास बराच कमी होतो. ग्राहकसेवेने मात्र मला हिंदी निवडण्याचा सल्ला दिला, कारण काय तर ‘लिपी एकच आहे’. त्यावर काय उत्तर द्यावे, हे मला आजही सुचलेले नाही.

चुका होणारच, प्रश्न त्या सुधारताना वेळेचे काय होते, हा आहे. अशा अॅपमध्ये प्रत्येक शब्दाला आरंभ आणि शेवट यांची वेळ चिकटवलेली असते आणि कापणी त्या वेळेवर होते, अक्षरांवर नव्हे. आमच्या कारागिरांचे एक वाक्य घेऊ : ‘हे मठारकाम, म्हणजे ठोके मारून केलेलं काम, मशिनवर होत नाही.’ वाक्य साधारण 6 सेकंदांचे असून ‘मठारकाम’ म्हटल्यावर ते हातातील भांडे दाखवत सुमारे 2 सेकंद थांबतात. मी ती ओळ पुसून पूर्ण नव्याने टंकली, तेव्हा अॅपने जुन्या वेळा टाकून दिल्या आणि 6 सेकंद दहा शब्दांत सारखे वाटले, म्हणजे प्रत्येकी 0.6 सेकंद. त्यामुळे अॅपच्या मते ‘म्हणजे’ 1.2 ते 1.8 सेकंदांच्या दरम्यान होते, प्रत्यक्षात ते 3 सेकंदांनंतर उच्चारले गेले होते. तो शब्द खोडल्यावर मजकुरातून ‘म्हणजे’ गेले. व्हिडिओतून मात्र भांडे दाखवतानाच्या शांततेचा तुकडा उडाला आणि ‘म्हणजे’ जसेच्या तसे ऐकू येत राहिले.

हा बिघाड ओळखणे सोपे आहे. आवाजाच्या आलेखाखाली शब्दांचे ठोकळे एकसारख्या रुंदीचे दिसले, की त्या वेळा खोट्या आहेत असे समजावे, कारण कोणीही माणूस असा मोजून-मापून बोलत नाही. उपशीर्षकांची .srt फाइल बाहेर काढून, ती सुधारून परत आणण्याचा मार्गही याच कारणाने बाद होतो. त्या फाइलमध्ये सहसा ओळीची वेळ असते, शब्दाची नसते.

येथे मला माझे मत थोडे बदलावे लागले. ओळ न पुसता एकेका शब्दावर दोनदा टिचकी मारून तेवढाच शब्द सुधारला, तर त्याची वेळ शाबूत राहते. ‘मठार काम’ यांतील मोकळी जागा काढल्यास दोन्ही वेळा जोडल्या जातात. म्हणून आता आधी मोठी कापणी, मग उरलेल्या मजकुराची शब्दशः दुरुस्ती आणि शेवटी बारीक कापणी, असा क्रम ठेवला आहे. वगळायच्या भागातील अनुस्वार सुधारत बसणे म्हणजे शुद्ध उधळपट्टी. ‘केलं’सारख्या शब्दानंतर कापताना शेवटचा स्वर तुटतो, तेव्हा कापणीची कड दोन-तीन फ्रेम पुढे सरकवावी, सेकंदाला 25 फ्रेम असलेल्या व्हिडिओत एक फ्रेम 0.04 सेकंदाची असते, त्यामुळे चित्रात फरक जाणवत नाही.

शब्दशः दुरुस्तीचा कंटाळा येऊन ‘शोधा व बदला’ वापरू पाहणाऱ्यांनी सावध असावे. ‘अस’च्या जागी ‘असं’ घालण्याची आज्ञा दिली आणि ‘पूर्ण शब्दच’ हा पर्यायही निवडला, तरी ‘असा’चे ‘असंा’ झाले. काना-मात्रेला हे अॅप शब्दाचा भाग मानतच नाही, त्यामुळे ‘अस’पाशी शब्द संपला असे ते धरून चालते. ‘असतं’ तेवढे वाचले, कारण तेथे पुढे पूर्ण अक्षर आहे. देवनागरी चालते म्हणून जाहिरात करणाऱ्यांनी एवढे तरी तपासायला हवे होते.

वार्षिक वर्गणी मी भरलेली नाही. लांब मुलाखत हाती असेल त्या महिन्यापुरती मासिक वर्गणी घ्यायची, आणि पाच-सात मिनिटांचे छोटे व्हिडिओ जुन्या पद्धतीने, कानाने ऐकूनच कापायचे, असे ठरवले आहे. एवढ्या लहान कामात दुरुस्तीला लागणारा वेळ कापणीत वाचलेल्या वेळेपेक्षा जास्तच भरतो.