डाग गेले, खड्डे राहिले: ‘स्कार पॅकेज’मध्ये पैसे कसे जातात

‘मुरुमांचे सगळे डाग सहा सिटिंगमध्ये गायब’ असं सांगून एका चोवीस वर्षांच्या मुलीकडून ३०,००० रुपये आगाऊ घेतले गेले. तिच्या गालांवर काळपट डाग होते आणि कानशिलांजवळ खड्डे. दर पंधरा दिवसांनी सॅलिसिलिक पील झालं, म्हणजे ॲसिड लावून त्वचेचा वरचा थर सोलला. तीन महिन्यांनी डाग खरंच फिके झाले. खड्डे तसेच होते, उलट आजूबाजूचा रंग उजळल्यावर जास्तच नजरेत भरू लागले. तेव्हा उत्तर मिळालं: ‘स्किन छान रिस्पॉन्ड करतेय, अजून एक पॅकेज घ्या.’

काळा डाग म्हणजे मुरूम बसल्यावर मागे राहिलेलं जास्तीचं मेलॅनिन, त्वचेला रंग देणारं द्रव्य. नवे मुरूम थांबले आणि रोज सनस्क्रीन लावलं, तर वरवरचे डाग साधारण ३ ते १२ महिन्यांत आपोआपच फिके होत जातात. रात्री ॲडापलीन हे मुरुमांवरचं औषध, सोबत ॲझेलिक ॲसिडचं क्रीम, मधूनमधून हलकं पील, याने फक्त वेग वाढतो. म्हणजे जे होणारच होतं, त्याचं श्रेय पॅकेजने घेतलं.

खड्ड्याचं तसं नाही. तिथे त्वचेच्या खालच्या थरातलं कोलॅजन, म्हणजे त्वचेला आधार देणारं प्रथिन, गेलेलं असतं. वरचा थर सोलणारं हलकं पील किंवा कुठलंही क्रीम तिथवर पोहोचून खड्डा भरू शकत नाही. सुईने टोचल्यासारख्या अरुंद, खोल खड्ड्यात काडीच्या टोकाने तीव्र टीसीए ॲसिड लावतात. लाटेसारखे उथळ खड्डे खालून तंतूंनी ओढलेले असतात, म्हणून सुई आत घालून ते तंतू सोडवतात. याला सबसिजन म्हणतात. रुंद, सरळ कडांच्या खड्ड्यांना मायक्रोनीडलिंग, म्हणजे बारीक सुयांनी त्वचा टोचणं, किंवा फ्रॅक्शनल लेझर, म्हणजे बारीक ठिपक्यांत मारलेलं लेझर. बहुतेकांना हे मिसळूनच लागतं, ४ ते ६ आठवड्यांच्या अंतराने काही वेळा. कोलॅजन सावकाश बनतं, म्हणून निकाल शेवटच्या सिटिंगनंतर ३ ते ६ महिन्यांनी बघायचा. खड्डे उथळ होतात, पुसले जात नाहीत. ‘शंभर टक्के’ म्हणणाऱ्याकडून उठून यावं. आणि आपल्या गव्हाळ-सावळ्या त्वचेवर लेझर जोरात मारलं, तर नवे काळे डाग पडतात, हेही आधी सांगायला हवं.

फोटोंवर विसंबू नका. समोरून फ्लॅश मारला की खड्ड्यांची सावलीच पडत नाही. मायक्रोनीडलिंगनंतर पहिले दोन-तीन दिवस चेहरा सुजलेला असतो, त्यामुळे खड्डे भरल्यासारखे वाटतात, आणि नेमका तेव्हाच ‘आफ्टर’ फोटो काढला जातो. घरी अंधारात आरशासमोर उभं राहून टॉर्च गालाच्या बाजूने आडवा धरा. सावली पडली तर खड्डा, नाही पडली तर डाग.

पैसे देण्याआधी डॉक्टरांचा मेडिकल कौन्सिलचा नोंदणी क्रमांक विचारा आणि प्रत्येक भागावर कुठल्या प्रकारचे खड्डे आहेत, त्यावर काय करणार, हे कागदावर लिहून घ्या. सोबत बिनलेबलची ‘नाईट क्रीम’ची डबी दिली, तर ती लावू नका. त्यात बरेचदा स्टेरॉईड असतं: सुरुवातीला चेहरा उजळतो, मग बंद करताच लाल होऊन पुन्हा मुरूम फुटतात.