संदर्भसूची द्यायची की ग्रंथसूची?

शाळेच्या प्रकल्पवहीत शेवटच्या पानावर ‘पाठ्यपुस्तक, गूगल, विकिपीडिया’ एवढं लिहिलं की भागायचं. कॉलेजात त्याच पानावर गुण कापले जातात. त्यात मराठीत ‘संदर्भग्रंथसूची’ हा शब्द दोन्ही याद्यांसाठी सर्रास वापरतात, त्यामुळे सर नेमकं काय मागतायत तेच कळत नाही.

समज, तू १९७२ चा दुष्काळ आणि रोजगार हमी योजना यांवर प्रकल्प करतोयस. त्यासाठी सहा गोष्टी वाचल्यास: दोन पुस्तकं, एक सरकारी अहवाल, १९७७ चा रोजगार हमी कायदा, वर्तमानपत्रातला एक जुना लेख आणि एक आत्मकथन. लिहिताना मात्र अहवाल, कायदा, लेख आणि एका पुस्तकाचाच हवाला दिलास. मग संदर्भसूचीत या चारच नोंदी येतील. ग्रंथसूचीत सहाही येतील, कारण उरलेल्या दोन पुस्तकांचा मजकुरात उल्लेख नसला तरी विषय त्यांच्यामुळेच उलगडला. नोंदी दोन्हीकडे बहुधा आडनावाप्रमाणे अकारविल्हे लावतात.

निवड शक्यतो तुझ्या हातात नसते. विभागाने संदर्भ देण्याची एपीए पद्धत सांगितली असेल, तर संदर्भसूचीच द्यायची; मानसशास्त्र, शिक्षणशास्त्रात ती जास्त चालते. इतिहासवाले बरेचदा शिकागोची तळटीपांची पद्धत घेतात, तिथे शेवटी ग्रंथसूची असते. काहीच सांगितलं नसेल तर मी संदर्भसूचीच देईन. ग्रंथसूची फुगवण्याचा मोह फार होतो. न वाचलेली दहा नावं घुसवली आणि तोंडी परीक्षेत ‘यातलं तिसरं पुस्तक कशाबद्दल आहे?’ असं विचारलं, की बोलती बंद.

खरी गफलत वेगळ्याच ठिकाणी होते. समज, अहवालातला एक आकडा तू हवाला दिलेल्या त्या पुस्तकातच वाचलास, अहवाल कधी उघडलाच नाहीस. तर एपीएनुसार सूचीत पुस्तकच येईल, अहवाल येणार नाही. मजकुरात ‘अमुक अहवाल, तमुक पुस्तकात उद्धृत’ असं लिहायचं. म्हणजे वरच्या चार नोंदींच्या तीनच होतील. आणि आजीने खडी फोडायच्या कामाच्या आठवणी सांगितल्या असतील, तर एपीएत तिचा उल्लेख फक्त मजकुरात ‘वैयक्तिक संवाद’ म्हणून तारखेसह येतो, सूचीत नाही. ते बोलणं दुसऱ्या कुणाला काढून वाचता येत नाही ना.

संदर्भसूची झाली की फाइलमध्ये Ctrl+F दाबून सूचीतलं एकेक आडनाव शोध. एखादं फक्त शेवटच्या पानावरच सापडलं, तर ती नोंद काढून टाक किंवा मजकुरात हवाला द्यायचा राहिलाय का ते बघ. मग उलटं कर: मजकुरातल्या प्रत्येक कंसातलं नाव आणि साल सूचीशी ताडून बघ. साल एका ठिकाणी १९७७ आणि दुसरीकडे १९७९ अशी चूक इथेच सापडते. कायदा १९७७ चा, पण अंमल २६ जानेवारी १९७९ पासून.