हरिश्चंद्रगडाचा व्लॉग: घडलं तसं जोडायचं की वळणापासून मागे?

खिरेश्वरहून तोलार खिंडीमार्गे गड चढलात, सूर्यास्तासाठी कोकणकडा गाठला आणि समोर नुसतं धुकं. आता फोनमधल्या क्लिपा जोडायच्या.

घडलं त्या क्रमाने जोडलं तर काम सोपं. उजेड आपोआप सकाळकडून संध्याकाळकडे सरकतो. वाट दाखवणाऱ्या व्हिडिओला हेच बरं. पण एसटी, चहा, बुटांच्या नाड्या यात सुरुवात संपते. आपल्याला सूर्यास्त बघायचा होता हे प्रेक्षकाला ठाऊकच नसतं, म्हणून धुकं आलं तरी त्याला ते फक्त हवामान वाटतं.

मी दुसरी रीत निवडेन. आधी वळणाची, म्हणजे धुक्याची, क्लिप बाजूला काढायची आणि विचारायचं, इथे कोणती आशा मोडली? मग ‘आज सूर्यास्त कड्यावरूनच’ असं कुणीतरी बोललेली क्लिप शोधून पहिल्या वीस सेकंदांत ठेवायची. ती नसेल तर निवेदन नंतर रेकॉर्ड करा. मधे फक्त शंका वाढवणारी दृश्यं: खिंडीत लांबलेली विश्रांती, घड्याळ, खाली उतरणारे ढग. धुक्यावर संगीत बंद, नुसता वारा, आणि दहाएक सेकंद कापाकापी नाही.

शेवट परतीच्या एसटीचा नको. मोडलेल्या आशेचं पुढे काय झालं ते हवं. केदारेश्वराच्या गुहेतल्या गार पाण्यात उतरताना सगळे किंचाळले असतील, तर तोच.

या रीतीत क्लिपा मागेपुढे करताना सावल्या आणि भिजलेले कपडे तपासा. खिंडीत ओला दिसलेला शर्ट पुढच्याच दृश्यात कोरडा असला, की चलाखी पकडली जाते.